दहावीचा निकाल चार टक्क्यांनी घसरला, की नापास पावणेदोनपट झाले?

धरमपेठची_बाई (धागाकर्ती)

नमस्कार. मी नागपुरातल्या एका शाळेत गणित शिकवते. पुढच्या आठवड्यात दहावीच्या पालकांची सभा आहे आणि त्यासाठी गेल्या दोन वर्षांच्या निकालावर एका पानाचे टिपण लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. काम अर्ध्या तासाचे वाटले होते, पण एकाच वाक्यावर मी तीन दिवस अडले आहे.

आकडे सर्वांना माहीत असतील. नागपूर विभागाचा दहावीचा निकाल २०२४ मध्ये ९४.७३ टक्के होता आणि २०२५ मध्ये तो ९०.७८ टक्के लागला. दोन्ही वर्षी नऊ विभागांत आपण शेवटी होतो, हे दुःख वेगळे. आता ही घट लिहायची कशी? माझ्या एका सहकाऱ्याने लिहिले, "निकाल ३.९५ टक्क्यांनी घटला." मी भागाकार केला तेव्हा ४.१७ टक्के आले. आमच्या शाळेतल्या एका तरुण शिक्षकाचे म्हणणे असे की दोन्ही आकडे पालकांना गाफील ठेवणारे आहेत आणि खरे वाक्य "नापास होणाऱ्यांचे प्रमाण ७५ टक्क्यांनी वाढले" हे आहे. त्याचा हिशेबही चुकीचा नाही, मी स्वतः तपासला. यांत भर म्हणून शाळेच्या कार्यालयाने केलेल्या तक्त्यात चौथाच आकडा आहे, उणे ४.२१ टक्के, आणि तो कुठून आला हे तक्ता करणाऱ्यालाही सांगता येत नाही.

घटना एक आणि आकडे चार. सभेत कोणता वाचू?

---

खामला_चौक

बाई, उत्तर सोपे आहे. जी गोष्ट मुळातच टक्क्यांत मोजली जाते तिच्यातला फरक, म्हणजे नुसती वजाबाकी, टक्केबिंदूंत सांगायचा असतो, टक्क्यांत नाही. म्हणून "निकाल ३.९५ टक्केबिंदूंनी घटला" हेच एकमेव बरोबर वाक्य आहे. ४.१७ म्हणजे टक्क्यांचे टक्के काढणे झाले, त्याला काही अर्थ नाही. ७५ तर निव्वळ सनसनाटी आहे. वृत्तपत्रांनी असल्या मथळ्यांची सवय लावली आहे आणि आता शिक्षकही तेच करू लागले आहेत.

---

आईची_डायरी

माझाही गोंधळ इथेच होतो. माझ्या मुलीला एमएचटी-सीईटीमध्ये ९१ पर्सेंटाइल मिळाले, तर नातेवाईक विचारतात की ९१ टक्के पडूनही हवे ते कॉलेज का मिळाले नाही. म्हणजे पर्सेंटाइल हेच टक्केबिंदू का? तसे असेल तर पुढच्या वेळी ते वाढवण्यासाठी किती टक्के गुण जास्त लागतील, हे इथे कोणी सांगेल का?

---

निवृत्त_सांख्यिक

प्रथम ताईंना उत्तर देतो, कारण त्यांचा प्रश्न वेगळा आहे. पर्सेंटाइल ही गुणांची टक्केवारी नाही. ती रांगेतली जागा आहे. ९१ पर्सेंटाइल म्हणजे त्या सत्रात परीक्षा देणाऱ्या शंभरांपैकी साधारण एक्याण्णव जण तुमच्या मुलीच्या बरोबरीने किंवा तिच्या मागे आहेत. पेपरात तिला शंभरपैकी किती पडले हे त्यावरून कळत नाही, म्हणून "किती टक्के गुण वाढवले तर" या प्रश्नाला आकड्यात उत्तर देता येत नाही. टक्केबिंदूंशी त्याचा संबंध नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. खामलेकर, तुमचा अर्धा मुद्दा योग्य आहे. "३.९५ टक्क्यांनी घटला" हे वाक्य संदिग्ध आहे आणि टक्केबिंदू म्हटले की ती संदिग्धता जाते. परंतु उरलेले आकडे निरर्थक आहेत हे मला मान्य नाही. बाईंच्या पहिल्या तीन आकड्यांपैकी एकही चुकीचा नाही, कारण ते तीन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. प्रश्न न सांगता नुसते उत्तर छापले जाते आणि घोटाळा तिथे सुरू होतो.

टक्के बाजूला ठेवून मुले मोजून पाहू. २०२४ मध्ये नागपूर विभागात परीक्षेला बसलेल्या दर हजार मुलांपैकी साधारण ९४७ उत्तीर्ण झाली आणि ५३ राहिली. २०२५ मध्ये हजारांतून ९०८ उत्तीर्ण झाली आणि ९२ राहिली. म्हणजे हजारामागे सुमारे ४०, काटेकोर हिशेबाने ३९.५, मुले एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात गेली. घडले आहे ते एवढेच आणि ते निर्विवाद आहे. यानंतर आपण जे काही करतो तो केवळ भाजक निवडण्याचा खेळ आहे. या ३९.५ ला सगळ्या हजारांनी भागले की ३.९५ टक्के येतात. गेल्या वर्षी उत्तीर्ण झालेल्या ९४७ नी भागले की ४.१७ येतात. गेल्या वर्षी अनुत्तीर्ण झालेल्या ५३ नी भागले की ७५ येतात. मुले तीच ४० आहेत.

आता असे बघा की पहिले दोन आकडे जवळजवळ सारखे का आहेत. ९४७ आणि १००० हे भाजक एकमेकांच्या इतके जवळ आहेत की भागाकारात फरक पडत नाही. त्यामुळे निकाल नव्वदीच्या घरात असताना ३.९५ म्हटले काय आणि ४.१७ म्हटले काय, कोणाच्या लक्षातही येत नाही आणि चूक वर्षानुवर्षे खपून जाते. भाजक लहान असेल तेव्हाच ती उघडी पडते. ५३ हा भाजक लहान आहे आणि ७५ चा आकडा त्यामुळे अंगावर येतो.

---

रात्रपाळी

मी एका दैनिकात वीस वर्षे रात्रपाळी केली आहे, त्यामुळे खामला_चौक यांनी मारलेला टोमणा स्वीकारून आमची बाजू मांडतो. सनसनाटी हे कारण क्वचितच असते. बहुतेक वेळा कारण जागा आणि भाषांतर हे असते. वृत्तसंस्थेची प्रत इंग्रजीतून येते, तिच्यात बिंदूंचा उल्लेख असतो, पण रात्री साडेअकराला भाषांतर करणारा "टक्के" लिहून मोकळा होतो, कारण "टक्केबिंदू" हा शब्द वाचकाला कळेल याची त्याला खात्री नसते आणि मथळ्याच्या ओळीत तो मावतही नाही.

परंतु मराठीत याहून घातक सापळा प्रत्ययांचा आहे. "७५ टक्क्यांनी वाढले" आणि "७५ टक्क्यांवर गेले" यांत एका प्रत्ययाचा फरक आहे आणि अर्थाचा फरक मात्र प्रचंड आहे. अनुत्तीर्णांचे प्रमाण ७५ टक्क्यांनी वाढून ९.२२ टक्के झाले आहे, ते ७५ टक्क्यांवर गेलेले नाही. बाईंच्या सभेत हे वाक्य वाचले तर मागच्या रांगेतला पालक "चारपैकी तीन मुले नापास झाली" अशी बातमी घेऊन घरी जाईल, हे मी लिहून देतो. आमच्याकडे एकदा असा "नी" चा "वर" झाला होता आणि दुसऱ्या दिवशी त्या चुकीची दुरुस्ती छापावी लागली होती. ती किती जणांनी वाचली असेल, हे विचारू नका.

त्यापेक्षा आपल्याकडचे जुने मोजमाप का वापरू नये? अनुत्तीर्णांचे प्रमाण "पावणेदोनपट झाले" असे लिहिले तर प्रत्ययाचा प्रश्नच उरत नाही.

---

खामला_चौक

पावणेदोनपट हेही मला भडकच वाटते. आणि काका, तुमच्या हजार मुलांच्या हिशेबाने माझेच म्हणणे सिद्ध होते. एकूण हजारावर मोजलेला आकडाच खरा, कारण भाजक बदलत नाही. उगाच छोटे भाजक घेतले की कोणताही बदल हवा तेवढा फुगवता येतो.

---

निवृत्त_सांख्यिक

फुगवता येतो हे खरे आहे आणि त्याचे उदाहरण याच निकालपत्रकात आहे. कोकण विभाग दोन्ही वर्षी पहिला होता. त्याचा निकाल ९९.०१ वरून ९८.८२ वर आला, म्हणजे अनुत्तीर्णांचे प्रमाण ०.९९ वरून १.१८ टक्के झाले. भागाकार केला तर "कोकणात नापासांचे प्रमाण १९ टक्क्यांनी वाढले" असे वाक्य तयार होते आणि हिशेबाने ते अचूक असते. प्रत्यक्षात हजारामागे दहाऐवजी बारा मुले राहिली. इथे तुमचा बिंदूंचा आकडा, ०.१९, जास्त प्रामाणिक आहे.

पण आता नागपूरकडे त्याच नजरेने बघा. समजा मी शिक्षण विभागात आहे आणि मला पुरवणी परीक्षेची तयारी करायची आहे. केंद्रे किती लागतील, मार्गदर्शन वर्गांत किती बाके लागतील, हे ठरवायचे आहे. "निकाल चार बिंदूंनी घटला" हे वाक्य मला काहीच सांगत नाही, किंबहुना ते मला निर्धास्त करते. माझ्याकडे येणारी मुले दर हजारी ५३ होती ती ९२ झाली आहेत आणि माझे काम जवळजवळ दुप्पट झाले आहे. त्या माणसासाठी पावणेदोनपट हाच कामाचा आकडा आहे, भडक नाही. एका ठिकाणी बिंदू प्रामाणिक ठरतात आणि दुसऱ्या ठिकाणी तेच बिंदू मोठा बदल झाकतात, म्हणून "नेहमी बिंदूच" हा नियम मला पाठ करण्यासारखा वाटत नाही.

या मोजमापाची आणखी एक खोड सांगतो. समजा पुढच्या वर्षी नागपूरचा निकाल पुन्हा ९४.७३ वर आला. अनुत्तीर्णांचे प्रमाण ९.२२ वरून ५.२७ होईल आणि भागाकार केला तर ती घट सुमारे ४३ टक्के येईल. जाताना ७५, येताना ४३, आणि आपण मात्र निघालो तिथेच परत. बिंदूंत जाताना ३.९५ आणि येतानाही ३.९५. कोणी दोन वर्षांच्या बातम्या शेजारी ठेवून "७५ टक्के बिघडले आणि त्यातले ४३ टक्केच सुधारले" असे म्हटले तर ते साफ चुकीचे असेल, पण ऐकणाऱ्याला पटेल. अशा साखळीच्या तुलनेत मात्र मी तुमच्याच बाजूने बिंदू वापरीन.

---

इतवारी_दुकानदार

मी शिक्षक नाही, माझे टीव्ही-फ्रिजचे दुकान आहे. पण हा धागा वाचून मला माझी सप्टेंबरची डोकेदुखी आठवली, म्हणून लिहितो. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. सगळीकडे बातमी आली, "टीव्हीवरील कर १० टक्क्यांनी कमी." दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाईक दारात उभे, की आदल्या आठवड्यात ३२,००० ला सांगितलेला टीव्ही आता दहा टक्के कमी म्हणजे २८,८०० ला द्या. मी २९,५०० सांगितले तर सातशे रुपये खिशात घातल्याचा आरोप झाला. एकाने बातमीचे कात्रणच काउंटरवर ठेवले. मी कर पूर्ण कमी केला होता, तरी मला समजावून सांगता आले नाही. माझे कुठे चुकले?

---

खामला_चौक

दुकानदार साहेब, राग मानू नका, पण इथे गिऱ्हाईक बरोबर आहे. २८ आणि १८ यांत दहा बिंदूंचा फरक आहे, तेव्हा किंमत दहा टक्क्यांनी कमी व्हायला हवी.

---

निवृत्त_सांख्यिक

खामलेकर, इथे तुमच्या नियमाने तुम्हालाच खड्ड्यात घातले. दुकानदारांनी एक रुपयाही ठेवलेला नाही.

कर ज्या किमतीवर लागतो ती कराआधीची किंमत आहे आणि गिऱ्हाईक ज्या किमतीवर दहा टक्के मागत आहे ती करासकटची आहे. ३२,००० मध्ये वस्तूची किंमत २५,००० होती आणि २८ टक्क्यांचा कर ७,००० होता. आता २५,००० वर १८ टक्के म्हणजे ४,५०० कर लागतो आणि बेरीज २९,५०० होते. कर २,५०० ने कमी झाला. हे २,५०० म्हणजे २५,००० चे दहा टक्के आहेत, पण ३२,००० चे पावणेआठ टक्क्यांहून किंचित जास्त, ७.८ टक्के आहेत. गिऱ्हाईकाने दहा टक्के ३२,००० वर काढले म्हणून त्याला ३,२०० ची सूट अपेक्षित होती आणि ते सातशे रुपये तिथून आले. ते कोणाच्याच खिशात नाहीत, ते कधी अस्तित्वातच नव्हते.

एखाद्याने "टीव्हीवरील कर ३६ टक्क्यांनी कमी झाला" असे लिहिले असते तर तेही हिशेबाने खरे ठरले असते, कारण ७,००० चे ४,५०० झाले. म्हणजे बाईंच्या निकालासारखेच इथेही तीन आकडे आहेत, १०, ३६ आणि ७.८, आणि तिन्ही खरे आहेत. फरक एवढाच की गिऱ्हाईकाच्या खिशाशी संबंध असलेला आकडा तिसरा आहे आणि तो कोणीच छापला नाही. "दहा टक्केबिंदू" असे काटेकोर लिहूनही गिऱ्हाईक फसलेच असते, कारण बिंदू दरातले होते आणि त्याला बदल किमतीतला हवा होता.

---

इतवारी_दुकानदार

हे कोणी तेव्हा सांगितले असते तर बरे झाले असते. आता मी २५,००० चे जुने आणि नवे बिल एका कागदावर आजूबाजूला छापून काउंटरच्या काचेखाली ठेवतो. टक्क्यांचे नावच काढत नाही.

---

खामला_चौक

टीव्हीच्या बाबतीत माझी घाई झाली, हे कबूल करतो. निकालाच्या बाबतीत मात्र माझे मत कायम आहे. पालकांच्या सभेत ७५ चा आकडा वाचू नये. घाबरलेला पालक मुलाला आणखी एका शिकवणीला घालतो, यापलीकडे त्यातून काही निष्पन्न होत नाही.

---

धरमपेठची_बाई

काका, मनापासून आभार. आता दोन गोष्टी राहिल्या.

पहिली म्हणजे उणे ४.२१ चे गूढ. कार्यालयाचा तक्ता मी उघडून पाहिला. बी रकान्यात २०२४ चा निकाल आहे, सी रकान्यात २०२५ चा. अनुत्तीर्णांच्या प्रमाणातला बदल काढण्यासाठी असे सूत्र लिहिले आहे:

```
=(B2-C2)/(1-B2)
```

सूत्र मला बरोबर वाटते. वरचा भाग म्हणजे फरक, खालचा म्हणजे गेल्या वर्षीचे अनुत्तीर्ण. मग ७५ ऐवजी उणे ४.२१ का येते?

दुसरी गोष्ट आमच्या शाळेची. गेल्या वर्षी १२० पैकी ३ मुले राहिली होती, यंदा ११६ पैकी ५ राहिली. २.५ टक्क्यांचे ४.३१ टक्के झाले, म्हणजे भागाकाराने ७२ टक्क्यांची वाढ. विभागाची वाढ ७५ आहे. मुख्याध्यापिकांना असे लिहायचे आहे की आमच्याकडेही विभागाइतकीच वाढ झाली, म्हणजे दोष शाळेचा नाही, साऱ्या विभागाचाच कल तसा आहे.

---

निवृत्त_सांख्यिक

तक्त्याचे सूत्र बरोबर आहे, आकडे ज्या रूपात भरले आहेत ते रूप चुकले आहे. बी-२ मध्ये क्लिक करा आणि तिथे ९४.७३ दिसते की ९४.७३% ते बघा. माझा अंदाज असा की मंडळाच्या पत्रकातून आकडे नुसते उचलून चिकटवले आहेत, टक्क्यांच्या चिन्हाविना. सूत्रातला १ म्हणजे शंभर टक्के, पण तो तेव्हाच, जेव्हा ९४.७३% हे आत ०.९४७३ असे साठवलेले असेल. नुसते ९४.७३ असेल तर भाजक १ मधून ९४.७३ वजा करून उणे ९३.७३ होतो आणि ३.९५ ला त्याने भागले की उणे ०.०४२१ येते. त्या खणाला टक्क्यांचे रूप दिले की पडद्यावर -4.21% दिसते.

ही चूक पकडणे कठीण आहे, कारण आलेला आकडा विश्वासार्ह दिसतो. उणे ४००० आले असते तर कोणीही थांबले असते. उणे ४.२१ हे खऱ्या ४.१७ च्या इतके जवळ आहे की बघणारा म्हणतो, बरोबर आहे, निकाल चारेक टक्क्यांनी घसरला. पण सूत्र अनुत्तीर्णांचे होते आणि अनुत्तीर्ण वाढलेले असताना चिन्ह उणे येणे शक्यच नाही. त्या एका चिन्हावर शंका घ्यायला हवी होती. सूत्रात १ च्या जागी १०० लिहा किंवा आकडे टक्क्यांच्या रूपात भरा, ७४.९५ येईल.

टक्क्यांच्या रूपात भराल तेव्हा याच तक्त्यातली आणखी एक खोड सांभाळा. नुसती वजाबाकी केली तरी एक्सेल सहसा त्या खणाला आपोआप टक्क्यांचे रूप देते आणि -3.95% असे दाखवते. यंत्र बिंदूंना टक्के म्हणते, तिथून तो आकडा अहवालात जातो, अहवालातून बातमीत जातो. तुमच्या सहकाऱ्याचे वाक्य बहुधा तिथूनच आले असावे. मी अशा ठिकाणी वजाबाकीला शंभराने गुणतो आणि त्या खणाला साध्या संख्येचे रूप देतो, म्हणजे चिन्ह उरत नाही:

```
=(C2-B2)*100
```

आता तुमच्या शाळेविषयी. ७२ आणि ७५ एकमेकांजवळ आले, हा केवळ योगायोग मानावा. तुमच्याकडे तिनाची पाच झाली, म्हणजे दोन मुले जास्त. एक मूल कमी राहिले असते तर ११६ पैकी ४, म्हणजे ३.४५ टक्के, आणि वाढ ३८ टक्क्यांवर आली असती. एक जास्त राहिले असते तर ती १०७ टक्के झाली असती. एका मुलाने जो आकडा ३८ ते १०७ असा हेलकावतो, त्यावर कोणताही कल ठरवता येत नाही, शाळेच्या बाजूनेही नाही आणि विरुद्धही नाही. विभागाच्या पातळीवर सहा जिल्ह्यांतली मुले आहेत, तिथे तो असा हलत नाही.

---

धरमपेठची_बाई

अगदी तसेच निघाले. बी-२ मध्ये चिन्ह नाही. आणि त्या पाचांपैकी एक मुलगा टायफॉइडमधून उठून पेपरला बसला होता. तो बरा असता तर मुख्याध्यापिकांचा कल नाहीसा झाला असता. हे त्यांना कसे सांगायचे ते बघते.

---

रात्रपाळी

एक शंका. यंदा कॉपीमुक्त अभियान कडक होते, असे सर्वत्र म्हटले जाते. मग या घसरणीचा अर्थ मुले कमी शिकली असा घ्यायचा, की गेल्या वर्षीचा आकडाच फुगलेला होता असा घ्यायचा? आमच्याकडे दोन्ही बाजूंचे लेख आले होते आणि दोन्ही लेखांत तोच ३.९५ होता.

---

निवृत्त_सांख्यिक

या आकड्यांवरून ते ठरवता येणार नाही. राज्याचा निकालही ९५.८१ वरून ९४.१० वर आला, म्हणजे १.७१ बिंदूंची घट सगळीकडचीच आहे. त्यापलीकडे नागपूरची जी जास्तीची घट आहे तिचे कारण अभियान असेल, पेपर असतील, किंवा त्या तुकडीचे आठवी-नववीचे वर्ग असतील. शिवाय हे आकडे नियमित विद्यार्थ्यांचे आहेत, पुनर्परीक्षार्थींचे वेगळे असतात, तेव्हा तुलना करताना दोन्ही वर्षी तोच गट घेतला आहे ना एवढे तरी पाहावे. मी स्वतः जिल्हानिहाय आकडे पाहिल्याशिवाय काही बोलणार नाही.

---

आईची_डायरी

काका, पर्सेंटाइलचे समजले, धन्यवाद. पण मग एक सांगा, बँकेवाले "व्याज पाव टक्क्याने कमी झाले" म्हणतात, तिथे कोणी भांडत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये रेपो दर ६.५० वरून ६.२५ झाला तेव्हा सगळ्यांनी पाव टक्काच म्हटले आणि सगळ्यांना तेच कळले. निकालाच्या बाबतीत तसे का कळत नाही?

---

निवृत्त_सांख्यिक

ताई, हा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात चांगला आहे. व्याजाला आपल्याकडे दरसाल दर शेकडा मोजण्याची जुनी सवय आहे. तिथे टक्का म्हणजे शंभर रुपयांमागे एक रुपया, ही गोष्ट कानात इतकी मुरली आहे की पाव टक्का म्हणजे शेकड्यामागे पंचवीस पैसे, दुसरा अर्थ कोणाच्या मनातच येत नाही. साडेसहाचा पाव टक्का असे कोणीही ऐकत नाही. निकाल, मतदान, बेरोजगारी यांच्याबाबत अशी सवय लागलेली नाही, म्हणून तिथे दोन अर्थ शिल्लक राहतात.

यावरून सुचते ते असे, की टक्केबिंदू हा शब्द रुळेपर्यंत "शेकड्यामागे चार मुले कमी उत्तीर्ण झाली" असे लिहावे. त्याचा दुसरा अर्थ लावताच येत नाही.

---

खामला_चौक

शेकड्यामागे हे मला मान्य आहे. पण शब्द टक्केबिंदूच रुळायला हवा, नाहीतर दशांशातला फरक कसा सांगणार? "शेकड्यामागे ०.१९ मुले" असे कोकणाबद्दल लिहिणार का?

---

रात्रपाळी

तिथे "दहा हजारांमागे एकोणीस" लिहावे लागेल. मथळ्यात तेही मावणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

---

धरमपेठची_बाई

टिपणात शेवटी असे लिहिले: "नागपूर विभागाचा निकाल ९४.७३ टक्क्यांवरून ९०.७८ टक्क्यांवर आला, म्हणजे शेकड्यामागे सुमारे चार मुले कमी उत्तीर्ण झाली. गेल्या वर्षी विभागात दर हजारी ५३ मुले राहिली होती, यंदा ९२ राहिली. आपल्या शाळेत गेल्या वर्षी १२० पैकी ३ आणि यंदा ११६ पैकी ५ मुले राहिली." शाळेच्या ओळीत टक्के घातलेच नाहीत आणि ७५ चा आकडा कुठेही नाही. तरुण सहकारी नाराज आहेत. त्यांच्या मते हजाराचा हिशेब पालक मनात करणार नाहीत आणि मी घसरण लपवली आहे.

---

धरमपेठची_बाई

टिपण मुख्याध्यापिकांकडून सही होऊन परत आले. "शेकड्यामागे सुमारे चार मुले कमी उत्तीर्ण झाली" हे खोडून त्यांनी वर लाल शाईने लिहिले आहे, "निकाल चार टक्क्यांनी घटला." समासात शेरा आहे: भाषा सुटसुटीत ठेवावी. सभा शनिवारी आहे.